उतारावरची वृत्तचिती आणि tanθ चा हट्ट

लातूर, शिकवणीचालक: 30° च्या खरखरीत उतारावर भरीव वृत्तचिती आडवी ठेवली आहे आणि तिच्यावर गुंडाळलेला दोर माथ्यावरून निघून उताराला समांतर वर बांधला आहे. ती घसरू नये म्हणून μ किमान tanθ, म्हणजे 0.58 हवाच. यात वाद नाही.

नांदेड, निवृत्त प्राध्यापक: वाद आहे, आणि मुलांचे गुण त्यावर अवलंबून असल्यामुळे सविस्तर लिहितो. ती अट दोर नसलेल्या ठोकळ्याची आहे. इथे वजन आणि अभिलंब प्रतिक्रिया दोन्ही अक्षातून जातात, त्यामुळे वृत्तचितीला फिरवू पाहणारी बले दोनच उरतात: माथ्यावरचा ताण आणि तळाचे घर्षण. त्यांनी एकमेकांना तोलायचे, तर ती समान हवीत आणि दोन्ही उताराच्या वरच्या दिशेने हवीत. वस्तुमान 10 किलो आणि g 10 धरा. उताराच्या दिशेने वजन 50 न्यूटन, त्यातले 25 दोराकडे आणि 25 घर्षणाकडे. प्रतिक्रिया 86.6 न्यूटन, म्हणून μ किमान 0.29, तुमच्या आकड्याच्या निम्मा.

बीड, अभियांत्रिकीचा विद्यार्थी: सर, निम्मा नव्हे, एक तृतीयांश. भरीव वृत्तचितीसाठी tanθ/3 येते, हे मी स्वतः जडत्व आघूर्ण घेऊन काढले आहे.

नांदेड: ते मोकळ्या गडगडणाऱ्या वृत्तचितीसाठी बरोबर आहे. इथे ती स्थिर आहे, त्यामुळे जडत्व आघूर्णाचा संबंधच येत नाही. पोकळ नळी ठेवली तरी उत्तर तेच.

जालना, मालवाहतूकदार: कागदावर सगळे सोपे असते. ओल्या फळीवरून तेलाचे पिंप उतरवताना आमच्या माणसांनी दोर फक्त वरून धरला होता. पिंप उलटे फिरत खाली सरकले आणि एका हमालाचा पाय मोडला. तेव्हापासून आम्ही दोराचे एक टोक ट्रकला बांधतो, दोर पिंपाखालून नेऊन वरून परत हातात घेतो. मग फळी कितीही ओली असो, पिंप निसटत नाही. तुमचा μ कुठे गेला?

नांदेड: त्याची जागा खालच्या दोराने घेतली. 180 किलोचे पिंप 30° वर असेल, तर उताराच्या दिशेने 90 किलोचा भार येतो. त्यातला 45 हाताकडे आणि 45 ट्रकला बांधलेल्या टोकाकडे जातो. तुमच्या अपघातात फळी तो खालचा अर्धा वाटा देऊ शकली नाही, आणि पिंप उलटे फिरले हीच त्याची खूण.

जालना: असेल. पण हे हमालांनी तुमच्या आधी शोधले आहे, एवढे लिहून ठेवा.

बीड: दोर माथ्यावरून क्षितिजसमांतर बांधला तर? मला tan(θ/2) मिळते, म्हणजे 0.27, आणि प्रतिक्रिया थेट वजनाइतकी.

नांदेड: बरोबर आहे, खाली दाबणारा ताणाचा घटक प्रतिक्रिया वाढवतो.

लातूर: समांतर दोरापुरते 0.29 मान्य करतो. तरीही 0.58 लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नयेत, कारण 0.58 असताना ती घसरत नाहीच.

नांदेड: प्रश्न किमान किती हा आहे. μ 0.4 असलेला पृष्ठभाग घ्या. तुमच्या नियमाने वृत्तचिती घसरायला हवी, आणि ती जागची हलत नाही. गुण कापलेच पाहिजेत.

लातूर: त्यावर आपले एकमत होणार नाही.