प्रतिसाद: सॅव्हिनी, पाउंड आणि हक्कसोडपत्र

"लोकांच्या मनात नसलेला कायदा वरून लादला की तो कागदावरच राहतो, म्हणून सॅव्हिनीच बरोबर."

अर्धंच पटलं. सॅव्हिनी हा एकोणिसाव्या शतकातला जर्मन कायदेपंडित; कायदा लोकांच्या रूढींतून आणि सामूहिक जाणिवेतून, म्हणजे लोकचेतनेतून उगवतो, असं तो म्हणायचा. मुलींच्या वारसाहक्काचं उदाहरण घ्या. महाराष्ट्राने 1994 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हिस्सा दिला. पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या आणि आधी झालेल्या वाटण्यांना हात लावला नाही. अमेरिकन कायदेपंडित रॉस्को पाउंड ज्याला हितसंबंधांचा तोल म्हणतो, तो हाच: मुलीचा हक्क एका बाजूला, ठरून गेलेल्या व्यवहारांची शाश्वती दुसऱ्या. लग्नाची ही अट 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत राहिली नाही.

आता गावात काय होतं? वडील गेले की भाऊ बहिणींना दुय्यम निबंधकाकडे नेतात आणि विनामोबदला हक्कसोडपत्र नोंदवून घेतात. बहीण सही करते, कारण माहेर तुटू द्यायचं नसतं. इथे सॅव्हिनीची लोकचेतना दिसते, हे मान्य. पण पुस्तकातला कायदा आणि व्यवहारातला कायदा यांतली दरी मोजा, हे 1910 मध्ये पाउंडनेच सांगितलं होतं. आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की सही लागते याचाच अर्थ हक्क आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वी, भाऊ असताना, तिला विचारायचीही गरज नव्हती. आज तिने नकार दिला तर ती वाटपाचा दावा लावू शकते. रूढी आपोआप बदलायची वाट पाहिली असती तर हे हत्यार तिच्या हाती आलंच नसतं.