‘पोच कमी केली’ म्हणजे नेमकं काय कमी केलं?

सुनील (कोयता-विळा): वडिलांची लोहाराची भट्टी आहे. ऊसतोडीच्या कोयत्याला पाणी देतानाचा व्हिडिओ मी टाकला होता, खाली ‘३५० रुपये, फोन करा’ असं लिहून. काल ॲपमध्ये ही सूचना आली:

‘शस्त्रे व संबंधित वस्तूंबाबतच्या समुदाय मार्गदर्शक तत्त्वांविरुद्ध असल्याने तुमची पोस्ट काढून टाकली आहे. तुमच्या खात्यावर १ स्ट्राइक आहे. तुमच्या खात्याची पोच कमी केली आहे.’

खाली दोन बटणं: ‘पुनरावलोकनाची विनंती करा’ आणि ‘निर्णय स्वीकारा’. यातल्या ‘स्ट्राइक’ला आणि ‘पोच’ला मराठीत काय समजायचं?

वसंतकाका: पोच म्हणजे पावती. अर्ज दिला की पोच घ्यायची. तुमच्या अर्जाची पोच त्यांनी दिलेली नाही, असं मला वाटतं.

मेघना: काका, तो अर्थ बरोबर आहे, पण इथे लागू होत नाही. इथे ‘पोच’ म्हणजे पोस्ट किती लोकांपर्यंत पोहोचते ते. ‘पोहोच’ लिहिलं असतं तर घोटाळा कमी झाला असता. म्हणजे सुनील, तुझं खाते बंद नाही, तुला फॉलो करणाऱ्यांना पोस्टी दिसतील. अनोळखी लोकांना सुचवणं मात्र कमी होतं, आणि लोहाराला नवं गिऱ्हाईक तिथूनच येतं.

राजू पी.: स्ट्राइक म्हणजे संप नव्हे, फटका. मी यूट्यूबवर आहे. सोपा उपाय सांगतो, व्हिडिओ डिलीट करून टाक, स्ट्राइक जाते.

मेघना: फटका बरा आहे, पण डिलीट करू नकोस. यूट्यूबवर व्हिडिओ काढला तरी स्ट्राइक राहते, आणि अपील करण्याची वाट बंद होते. तिथे आधी ताकीद असते. पुढे ९० दिवसांत पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा आणि दुसऱ्याला दोन आठवडे काही टाकता येत नाही. तिसरीला चॅनेल जातं. प्रत्येक स्ट्राइक ९० दिवसांनी सरते. हा शब्द बेसबॉलमधून आला, तीन स्ट्राइक झाल्या की खेळाडू बाद. त्यामुळे मला ‘ठपका’ जवळचा वाटतो. नोकरीत ठपका नोंदवला जातो आणि पुढच्या वेळी मोजला जातो, तसंच इथे.

राजू पी.: ठपका माणूस ठेवतो. इथे बहुतेक वेळा यंत्र ठरवतं. मला ते पटत नाही.

सुनील: आणि ‘पुनरावलोकन’? एका ठिकाणी ‘आवाहन करा’ असंही वाचलं.

मेघना: ते भाषांतर चुकलंय. आवाहन म्हणजे लोकांना हाक देणं. तुला दाद मागायची आहे, म्हणजे अपील. ‘पुनरावलोकनाची विनंती’ म्हणजे निर्णय पुन्हा तपासा, फेरतपासणी करा. आता नोटीस नीट बघ, तिन्ही वाक्यं तीन वेगळ्या गोष्टी सांगतात: पोस्ट काढली, ठपका नोंदवला, पोच घटवली. बटण ज्या ओळीशी जोडलेलं आहे, फेरतपासणी तिचीच होते. बटण दाबल्यावर वर पोस्ट दिसली तर ती पोस्टपुरती, खात्याची स्थिती दिसली तर ती पोचेपुरती. ‘निर्णय स्वीकारा’ हे ‘वाचलं’ असं म्हणण्याचं बटण समजून दाबू नकोस. काही ठिकाणी त्यानंतर दुसरं बटण दिसतच नाही.

वसंतकाका: कोर्टातल्यासारखं लांबलचक लिहायचं का?

मेघना: नाही काका, दोन-तीन वाक्यं पुरतात. नियमाचं नाव ‘शस्त्रे’ आहे, तेव्हा त्यालाच उत्तर द्यायचं. ‘आम्ही गरीब आहोत, खातं पाच वर्षांचं आहे’ हे लिहून तपासणाऱ्याला काही ठरवता येत नाही. असं लिही: ‘हा ऊस तोडण्याचा कोयता आहे. व्हिडिओत भट्टी, घण आणि मागे ऊस दिसतो. शेतीचं अवजार म्हणून विकतो.’ सुनील, मथळ्यात किंवा बोलण्यात दुसरं काही होतं का?

सुनील: होतं. ‘एका घावात काम तमाम’.

मेघना: मग यंत्राने तेच धरलं असण्याची शक्यता आहे. लपवू नकोस. ‘घाव म्हणजे उसावरचा घाव’ हे सांग. पुढच्या व्हिडिओत ते वाक्य टाळ.

शिल्पा (पुणे): माझ्या व्हिडिओला गाण्यामुळे स्ट्राइक आली होती, मला तर मूळ मालकाशी बोलावं लागलं.

मेघना: ती कॉपीराइटची, वेगळी बाब. तिथे दावा करणारा माणूस असतो, इथे नियम. कुठली आहे हे पहिल्याच ओळीत कळतं. आणि सुनील, ॲपने नकार दिला तर तिथेच थांबू नकोस. भारतात ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहिता येतं, आणि त्याचं उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे, gac.gov.in वर. ॲपमध्ये काय लिहिलं, त्याचे स्क्रीनशॉट आताच काढून ठेव. नोटीस नंतर गायब होऊ शकते.

सुनील (चार दिवसांनी): पोस्ट परत आली, ‘चुकून काढली होती’ असं आलं. स्ट्राइकची ओळ गेली. पोच कमी असल्याची ओळ मात्र तशीच आहे.

मेघना: म्हणजे फेरतपासणी पोस्टचीच झाली. खात्याच्या स्थितीवर जा, तिथे त्या ओळीपुढे वेगळं बटण आहे का बघ.

सुनील: ओळ आहे, बटण नाही. फक्त ‘अधिक जाणून घ्या’.

राजू पी.: काहींना ती आपोआप जाते, काहींना नाही. माझी एकदा तीन आठवड्यांनी गेली, का ते कळलं नाही.

मेघना: मग आता अधिकाऱ्याला लिही, पण पोस्टबद्दल नको, ती सुटली आहे. ‘पोस्टवरील निर्णय मागे घेतला, पोच घटवण्याचा निर्णय मात्र कायम का?’ एवढंच विचार.