मदत हवी: हाड मोडण्याच्या प्रॅक्टिकलचे आकडे जुळत नाहीत, आणि मुलांच्या एका प्रश्नावर अडकले

सावनी_फिजिओ

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला बायोमेकॅनिक्स शिकवते. यंदा फळ्यावर आलेख काढून थांबण्याऐवजी कोंबडीच्या तंगडीचं हाड, म्हणजे टिबिया, शेजारच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या यूटीएमवर मोडून दाखवलं. दोन्ही टोकांना आधार, मध्ये वरून लोड.

मापं: आधारांमधलं अंतर ५० मिमी, हाडाचा बाहेरचा व्यास ८ मिमी, मोडल्यावर मोजलेला आतला व्यास ५.५ मिमी. वेग मिनिटाला ५ मिमी. २५० न्यूटनपर्यंत रेष सरळ, उतार साधारण २४० न्यूटन प्रति मिमी. ३१० न्यूटनला हाड मोडलं.

तीन अडचणी आहेत.

१. यावरून लवचिकता गुणांक ४ गिगापास्कल येतो. माणसाच्या कॉर्टिकल हाडाला लांबीच्या दिशेने १७ च्या आसपास लिहिलेला असतो. कोंबडी म्हणून एवढा फरक?

२. काही हाडं मिनिटाला ५०० मिमी वेगाने मोडली. स्ट्रेंथमध्ये फरक दिसला नाही, तुकडेही जास्त झाले नाहीत.

३. एका मुलीने विचारलं, "वेगाने लोड दिला की हाड जास्त ताठ आणि जास्त मजबूत होतं म्हणता. मग गाडीच्या धडकेत हाडाचा चुरा का होतो?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. नीट उत्तर हवं आहे.

ऑर्थो_रेसिडेंट

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. हाड व्हिस्कोइलॅस्टिक आहे. वेग वाढला की ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून चुरा होतो. हाय व्हेलॉसिटी म्हणजे कॉमिन्यूटेड, लो व्हेलॉसिटी म्हणजे साधं फ्रॅक्चर. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात.

प्रतिबल

मार्क मिळतील, पण त्या मुलीचं समाधान होणार नाही. तिने विचारलंय की मजबूत झालेली वस्तू जास्त वाईट का मोडते.

आधी वेगाचा परिणाम किती, ते पाहू. कार्टर आणि हेज यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या संबंधानुसार हाडाची स्ट्रेंथ स्ट्रेनच्या वेगाच्या ०.०६ घाताप्रमाणे वाढते, आणि ताठपणाही तसाच. वेग दसपट झाला तर साधारण १५ टक्के वाढ, हजारपट झाला तर दीडपट. चालताना स्ट्रेनचा वेग सेकंदाला ०.००१ च्या घरात असतो आणि जोरदार आघातात तो १ किंवा त्याहून वर जातो. म्हणजे चालण्यापासून अपघातापर्यंत हाड फार तर दीडपट, थोडं जास्त मजबूत होतं. हे फार नाही.

आता ऊर्जा पाहा. ७० किलोचा माणूस उभ्याने पडला आणि त्याचा मध्य साधारण ७० सेंमी खाली आला, तर ४८० ज्यूल. तोच माणूस ताशी ४० किमी वेगाच्या दुचाकीवर असेल तर ४३०० ज्यूल. हाडाची मजबुती दीडपट आणि येणारी ऊर्जा नऊपट, असा हा व्यवहार आहे.

मोडण्याआधी हाड स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवतं. स्ट्रेस-स्ट्रेन आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे तीच ऊर्जा. पहिली भेग पडली की ती बाहेर पडते आणि नवे पृष्ठभाग तयार करण्यात खर्च होते. थोडी असेल तर एकाच भेगेत संपते. जास्त असेल तर एक भेग पुरत नाही. ती फाटे फोडते, नव्या भेगा सुरू होतात, आणि उरलेली ऊर्जा भोवतीच्या स्नायूंची वाट लावते. म्हणून चुरा झालेल्या फ्रॅक्चरमध्ये मऊ भागाची इजाही मोठी असते. जास्त मजबूत हाड मोडताना जास्त ऊर्जा सोडतं, त्यामुळे मुलीच्या प्रश्नात विसंगती नाहीच.

ऑर्थो_रेसिडेंट यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. स्ट्रेनचा वेग फारच वाढला की हाडाची ऊर्जा शोषण्याची क्षमता पुन्हा घटते आणि ते खरंच ठिसूळ वागतं. पण ती सीमा नेमकी कुठे, यावर वेगवेगळ्या प्रयोगांचं एकमत नाही. त्याखाली वेगाबरोबर शोषलेली ऊर्जा वाढते.

(मराठीत शिकवत असाल तर "ताण" हा शब्द जपून वापरा. मुलं स्ट्रेस आणि टेन्शन दोन्हीला ताण म्हणतात आणि मग दाबाच्या बाजूलाही ताणच लिहितात.)

प्रतिबल

आता यूटीएम. तुमच्या मांडणीत स्ट्रेनचा वेग असा येतो:

```
rate = 6 * h * v / L^2
h = 8 mm, L = 50 mm
v = 5 mm/min   -> 0.0016 /s
v = 500 mm/min -> 0.16 /s
```

मंद चाचणी म्हणजे चालण्याचा वेग झाला. वेगवान चाचणीही अपघाताच्या खूप खाली आहे. शंभरपट वेगाने स्ट्रेंथ सुमारे ३२ टक्के वाढायला हवी, पण दोन वेगळ्या कोंबड्यांच्या हाडांत जाडीचाच फरक तेवढा असतो. म्हणून एकाच कोंबडीची जोडी घ्या, डावं हाड हळू आणि उजवं जोरात. अशा सहा-आठ जोड्या झाल्या की फरक दिसण्याची शक्यता आहे.

मशीन सेकंदाला किती नोंदी घेतं तेही बघा. ५०० मिमी प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला ८.३ मिमी. तुमचं हाड सव्वा मिमीत मोडतं, म्हणजे सगळा खेळ ०.१५ सेकंदात आटोपतो. नोंदी सेकंदाला दहाच असतील तर हाती एक-दोन ठिपके लागतात आणि शिखर निसटतं.

तुकड्यांचं म्हणाल तर तुमच्या हाडात मोडताना जेमतेम ०.२ ज्यूल साठली होती. तेवढ्यात चुरा कसा होणार?

सावनी_फिजिओ

नोंदी सेकंदाला दहाच होत्या! आणि ४ गिगापास्कलचं?

एक सांगायचं राहिलं. काही हाडं स्वच्छ राहावीत म्हणून उकळून, दोन दिवस उन्हात वाळवली होती. ती अजिबात न वाकता काडकन मोडली, मोड अगदी सपाट. वरचे आकडे मात्र ताज्या हाडाचे आहेत.

प्रतिबल

उकळलेली हाडं या प्रयोगातून बाद करा. उकळल्याने कोलॅजन बिघडतं. वाळल्याने हाड ताठ होतं, पण आलेखाचा वाकलेला, मोडण्याआधीचा भाग नाहीसा होतो. ताजं हाड सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉझमध्ये गुंडाळून उणे २० अंशांना ठेवा, सलाइनमध्येच वितळवा आणि ओलं असतानाच मोडा. वाळकं हाड वेगळं दाखवायला मात्र छान आहे. खनिज तेवढंच असूनही कोलॅजन आणि पाणी गेल्यावर काय होतं ते मुलांना हातात कळतं.

४ गिगापास्कलमागे बरीच कारणं एकत्र आहेत. मशीन आणि जिग स्वतः थोडे दबतात आणि तेही हाडाच्या वाकण्यात मोजलं जातं. त्यासाठी त्याच आधारांवर ८ मिमीची भरीव स्टीलची सळई ठेवा. २५० न्यूटनला ती फक्त ०.०१६ मिमी वाकायला हवी. त्याहून जास्त जे दिसेल ते मशीनचं.

दुसरं, तुमचं अंतर व्यासाच्या सहापटच आहे. इतक्या आखूड हाडात शीअरमुळेही वाकणं होतं. ढोबळ हिशेबाने एकूण वाकण्याचा पाचवा हिस्सा त्यात जातो.

तिसरं, व्यास मोजताना वरचा पडदा आणि मांसाचे धागे खरवडले होते का? हिशेबात व्यासाचा चौथा घात येतो. खरा व्यास ७.५ असताना ८ धरला तर गुणांक सुमारे ३० टक्के कमी निघतो.

मंदाकिनी१२

मी विज्ञानाची नाही, पण हाडांचा विषय दिसला म्हणून विचारते. आईला ऑस्टिओपोरोसिससाठी आठ वर्षं अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी चालू आहे. डेक्सा सुधारला आहे. दोन महिन्यांपासून मात्र उजवी मांडी दुखते, चालताना जास्त. कोंबडीच्या हाडाचा सूप द्यावा का?

ऑर्थो_रेसिडेंट

ताई, सूपचं राहू द्या. ही तक्रार थांबवून ठेवू नका. या गटातल्या गोळ्या बरीच वर्षं घेणाऱ्या काही थोड्या लोकांत मांडीच्या हाडाला बाहेरच्या बाजूने बारीक भेग पडते. आधी मांडी किंवा जांघ दुखते आणि नंतर साध्या ठेचेनेही हाड पूर्ण मोडू शकतं. याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा आणि दोन्ही मांड्यांचा पूर्ण लांबीचा एक्स-रे काढायचा का, ते विचारा. तोवर त्या पायावर जोर कमी, काठी वापरा. गोळीचं काय करायचं तेही त्याच भेटीत त्यांना विचारा. दुसऱ्या कारणानेही मांडी दुखू शकते, पण हे आधी वगळायला हवं.

मंदाकिनी१२

उद्याच दाखवते. पण डेक्सा चांगला आला होता ना?

प्रतिबल

डेक्सा दर चौरस सेंटिमीटरला खनिज किती ते सांगतो. बारीक भेगा साचल्यात का, जुनं हाड काढून नवं घालण्याचं काम मंदावलंय का, हे त्यात दिसत नाही.

सावनीताई, "हाडाचा दर्जा" शिकवायला हे उदाहरण घ्या. मांडीचं हाड किंचित बाकदार आहे आणि वजन खुब्याच्या बॉलवर, म्हणजे आतल्या बाजूला येतं. त्यामुळे बाहेरची बाजू ताणात आणि आतली दाबात. कॉर्टिकल हाड लांबीच्या दिशेने दाबात सुमारे १९० मेगापास्कल सोसतं, ताणात १३० च्या आसपास. म्हणून भेग बाहेरून सुरू होते, आडवी जाते, आणि आतल्या बाजूला बहुधा एक टोक उरतं. हळूहळू वाढलेली भेग, कमी ऊर्जा, त्यामुळे चुरा नाही. एक्स-रे पाहून मुलांना उलटा तर्क करायला लावा.

खडूफळा

शाळेत विज्ञान शिकवतो. यूटीएम नसेल तर नवा खडू घ्या. वाकवून मोडला तर मोड आडवा येतो. दोन्ही टोकं धरून पिळला तर ४५ अंशांत फिरणारा स्पायरल मिळतो, कारण पिळात सगळ्यात जास्त ताण त्याच कोनात असतो. लहान मुलांच्या ग्रीनस्टिक फ्रॅक्चरसाठी कडुलिंबाची ओली काडी. एका बाजूने फाटते, दुसऱ्या बाजूने नुसती वाकते.

प्रतिबल

खडू उत्तम. फक्त एक मर्यादा सांगा. खडू सगळ्या दिशांना सारखा असतो, हाड तसं नसतं. हाडाच्या स्पायरलची दोन टोकं बहुधा लांबीच्या दिशेने जाणाऱ्या सरळ भेगेने जोडलेली असतात. खडूत ती शोधू नका.

ऑर्थो_रेसिडेंट

मग बटरफ्लाय तुकडा? आम्हाला शिकवलंय की पाचरीचं टोक धडक आली त्या बाजूला असतं.

प्रतिबल

उलट आहे. पायावर समोरून बंपर आपटला तर समोरची बाजू दाबात, मागची ताणात. भेग मागून आडवी सुरू होते आणि दाबाच्या भागात शिरताना दोन तिरक्या वाटांनी फुटते. म्हणून पाचरीचा पाया धडकेच्या बाजूला आणि टोक पलीकडे. हे पुस्तकी चित्र झालं. प्रयोगांत उलट्या पाचरीही मिळाल्या आहेत, त्यामुळे एकट्या पाचरीवरून गाडी कुठून आली हे ठासून सांगू नये.

सावनी_फिजिओ

आज सळई लावून पाहिली. २५० न्यूटनला ०.२८ मिमी! म्हणजे हाडाच्या १.०४ मिमीतले ०.२६ मशीनचेच. ते वजा करून गुणांक ५.३ आला, शीअर धरला तर साडेसहाच्या आसपास. हाड खरवडलेलं नव्हतं. तरी १७ पासून लांबच.

प्रतिबल

खरवडून पुन्हा मोजा, आठ-नऊपर्यंत जाईल. उरलेलं बहुधा वयाचं. दुकानातली ब्रॉयलर जेमतेम सहा आठवड्यांची असते, हाडात खनिज पुरेसं भरलेलंच नसतं. शिवाय वरचा रोलर पातळ भिंतीत रुततो, त्याचा वाटा किती ते या मांडणीत वेगळं काढता येणार नाही. एखादी म्हातारी गावठी कोंबडी मिळाली तर तिचीही जोडी लावा.

सावनी_फिजिओ

गावठी शनिवारच्या बाजारात मिळेल. पुढच्या बॅचला सहा जोड्या, नोंदी सेकंदाला ५०० वर लावून. आकडे इथेच टाकते.