मैत्रिणीची गोड बातमी आलीय, उत्तर काय लिहू? (मदत हवी आहे)

सातरस्ता_२१: सकाळी साडेनऊला मैत्रिणीचा मेसेज आला. मी वाचलाय, तिला निळ्या खुणा दिसल्या असणार. आता २ वाजले. 'अभिनंदन' लिहून तीनदा पुसलं. आनंद झालाय, खोटं नाही. माझंच सध्या बरं नाही. दोन ओळी सुचवा, लवकर.

होटगीरोडकर: बातमी कसली? नोकरी, घर, लग्न?

सातरस्ता_२१: गोड बातमी म्हटलं ना. तिसरा महिना लागलाय तिला.

पेठेतला_बापू: फुलांचं चित्र टाका, विषय संपला. एवढा काय विचार?

मंजिरी: बापूकाका, थांबा जरा. अगं, तुझं काय झालंय? आणि तिला ते माहीत आहे का?

सातरस्ता_२१: गड्डा जत्रेच्या आठवड्यात माझं मिसकॅरेज झालं. दहावा आठवडा होता. नवरा आणि सासूबाई सोडून कोणालाच माहीत नाही. तिलाही नाही.

मंजिरी: माझं झालं तेव्हा जावेला दिवस होते. मी तिला लांबलचक, उड्या मारणारा मेसेज लिहिला. मग महिनाभर तिचा फोन घेववेना, कारण त्या मेसेजमधल्या बाईसारखं बोलावं लागलं असतं. खरं आहे तेवढंच लिही. तिने काय लिहिलंय?

सातरस्ता_२१: 'उलट्यांनी जीव नकोसा झालाय. तुझ्या हातची शेंगा चटणी आणि कडक भाकरी तेवढी खावीशी वाटते. आईनंतर तुलाच सांगतेय.'

मंजिरी: मग हे बघ: 'आईनंतर मला सांगितलंस, फार बरं वाटलं. चटणी कुटून पाठवते. माझे दिवस सध्या जड चाललेत, म्हणून फोनवर लगेच बोलणार नाही. तुझ्यामुळे नाही हं. सावकाश सांगेन.'
मध्ये 'पण' घालू नकोस, आधीचा आनंद पुसला जातो. सोनोग्राफी कधी वगैरे विचारू नकोस. जे उत्तर आज ऐकवेल तेवढंच विचार.

होटगीरोडकर: पटत नाही. एवढी जवळची आहे तर आजच सगळं सांगावं. मागून कळलं तर तिला जास्त लागेल.

मंजिरी: सांगावंच, त्याच उत्तरात नको. तिसऱ्या महिन्यात ती आधीच धास्तावलेली असते. बातमी बाजूला ठेवून हिची समजूत काढत बसेल.

होटगीरोडकर: ती घाबरेल हे आपणच का ठरवायचं?

अशोकचौक_अक्का: पोरी, पपई खाल्ली होतीस का? माझ्या सुनेला मी हातही लावू दिला नाही.

मंजिरी: अक्का, असं विचारू नका हो. इतक्या लवकर होतं तेव्हा कारण बहुतेकदा गर्भाच्या गुणसूत्रांत असतं, आईच्या खाण्यात नाही.

पेठेतला_बापू: मघाशी कल्पना नव्हती, माफ करा ताई. चटणी उखळातच कुटा, मिक्सरमध्ये तसं तेल सुटत नाही.

सातरस्ता_२१: पाठवलं. 'दिवस' शब्द काढला, तिला भलतंच वाटलं असतं. 'माझं सध्या अवघड चाललंय' लिहिलं. तिचं उत्तर आलं: 'बरं. तुला वाटेल तेव्हा.' शेंगा भाजायला घेतल्यात. डोहाळजेवणाला मात्र मलाच ओटी भरायला बोलावणार ती. तेव्हा काय करू?

मंजिरी: सातव्याला अजून चार महिने आहेत गं. मी जावेच्या वेळी गेले नव्हते, साडी आधी घरी देऊन आले. तुला काय जमेल ते तेव्हा बघू.