वरिष्ठांची मंजुरी मिळवणारी तुमची छोटी ईमेल: अनुभव सांगा

आज आमच्या नवीन इंजिनिअरने मंजुरीसाठी दोन पानी ईमेल लिहिली, वर पाच अटॅचमेंट. ती वाचताना माझी जुनी ईमेल आठवली. तेव्हा मी मेंटेनन्सला होते. 2 नंबरच्या स्क्रू कॉम्प्रेसरचं बेअरिंग घरघरायला लागलं होतं. प्लांट हेडना मी आधी सगळा इतिहास लिहून पाठवला होता, तापमानाच्या नोंदींसकट. नऊ दिवस उत्तर नाही. मग स्टोअरमधल्या एका काकांनी शेजारी बसवून नव्याने लिहून घेतली. मूळ इंग्रजीत होती, मराठीत देते:

"विषय: 22 सप्टेंबरपर्यंत निर्णय हवा – कॉम्प्रेसर 2

सर, बेअरिंगचा आवाज वाढतोय, दिवाळीनंतर मशीन चालवणं धोक्याचं आहे.
1) ओव्हरहॉल: 3.8 लाख, 6 दिवस बंद. दिवाळी शटडाउनमध्ये बसतं.
2) नवीन मशीन: 13.5 लाख, यायला 8 आठवडे. तोवर भाड्याचा कॉम्प्रेसर.
माझी शिफारस 1. मोटर आणि कूलर चांगले आहेत.
22 तारीख अशासाठी की किट यायला 3 आठवडे लागतात आणि शटडाउन 18 ऑक्टोबरला सुरू होतं."

सर विमानतळावर होते. वीस मिनिटांत उत्तर आलं: "1 करा." तुमचे अनुभव लिहा.

पाटीपेन्सिल: तारखेमागचं कारण लिहिलंत, तिथेच काम झालं. आमच्याकडे सगळे "लवकरात लवकर" लिहितात.

रानवाट: मी शेवटी एक ओळ टाकतो, "शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास मंजुरी समजून पुढे जातो." कधीच अडत नाही. सगळ्यांनी टाका.

जुनाहिशेब: रानवाट, बैठकीची वेळ किंवा पोस्टरचा रंग असेल तर चालेल. पैशाला नाही. तीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली. ऑडिटला लेखी होकार लागतो, आणि तोही ज्याच्या अधिकारात तेवढी रक्कम बसते त्याचाच. गप्प बसणं म्हणजे सही नव्हे. पैशाच्या ईमेलमध्ये उत्तर न आल्यास काय होईल तेवढं लिहावं. वरच्या ईमेलमध्ये ती एक ओळ हवी होती: "22 नंतर किट शटडाउनआधी येणार नाही, मग चालू उत्पादनात 6 दिवस बंद घ्यावा लागेल."

आणखी एक. 22ला होकार, 25ला पीओ, 3 आठवड्यांनी 16 ऑक्टोबर. म्हणजे हाताशी फक्त दोन दिवस. मी 18 सप्टेंबर मागितली असती.

धागा लिहिणारी: खरंय काका. किट 17ला संध्याकाळी आलं. त्या दोन दिवसांत जेवण गेलं नव्हतं.

मोगरा_७: मला रजेची मंजुरी हवीये, 8 दिवस, भावाचं लग्न. दोन पर्याय कसे देऊ? लग्न तर एकच आहे 😄

पाटीपेन्सिल: तारखांचे दे गं. 8 दिवस सलग, किंवा 5 दिवस रजा आणि 3 दिवस घरून काम. तिकीट कधीपर्यंत काढायचंय ते लिही. आणि अभिनंदन!

शिळोप्या: माझा अनुभव उलटा. ट्रेनिंगसाठी हॉल घ्यायचा होता. एक चांगला, दुसरा फक्त दोन आकडा भरायचा म्हणून लिहिला, स्वस्त पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मॅडमनी दुसरा निवडला, 6 हजार वाचतात म्हणून. लिफ्टचं मी लिहिलंच नव्हतं. गुडघे दुखणारे दोन ज्येष्ठ सहकारी कठड्याला धरून चढताना पाहिले आणि फार वाईट वाटलं. तेव्हापासून जो पर्याय मला स्वतःला चालणार नाही, तो मी लिहीतच नाही.

जुनाहिशेब: मग एकच पर्याय उरला तर?

शिळोप्या: तर एकच लिहिते आणि दुसरा का बाद केला ते एका ओळीत.

कचेरीकर: आमच्याकडे सरकारी कामात टिप्पणी असते. खालून "मान्यतेस्तव सादर" करत वर जाते. पर्याय लिहिता येतात, शिफारसही. पण तारीख घातली की साहेबांना हुकूम केल्यासारखं वाटतं. मी "दरपत्रकाची मुदत 30 तारखेस संपते" असं लिहितो. तारीख विक्रेत्याची होते.

रानवाट: हे आवडलं. पण काका, माझे साहेब उत्तरच देत नाहीत, मग काय करायचं? फोन केला तर म्हणतात ईमेल करा.

जुनाहिशेब: फोनवर होकार मिळाला की लगेच त्याच ईमेलखाली लिहा, "आत्ता बोलल्याप्रमाणे पर्याय 1, कृपया 'हो' कळवावे." तरीही न देणारे असतात, त्यांच्यावर मलाही उपाय सापडला नाही.

वेल्डर_अण्णा: बेअरिंग घरघरतंय म्हणजे तेल कधी बदललं होतं? आमच्या मशीनला सेपरेटर चोक झाला होता, आवाज तसाच.

धागा लिहिणारी: तेल वेळेवर बदललेलं अण्णा. उघडल्यावर डिस्चार्ज बाजूच्या बेअरिंगवर खड्डे दिसले, नखाला लागतील एवढे. फोटो शोधते, जुन्या फोनमध्ये असेल.