मॉनिटर घेताना ‘फ्लिकर-फ्री’साठी जास्त पैसे मोजावेत का?

मुद्रितवाचक, इंदूर
वय ४८. घरून मराठी मासिकांची प्रुफं वाचते, रोज बराच वेळ स्क्रीनसमोर जातो. संध्याकाळनंतर डोळे चुरचुरतात, कपाळ जड होतं. म्हणून ब्राइटनेस २० वर आणला, तर त्रास उलट वाढला. मॉनिटर २४ इंची आणि जुना आहे. आता २७ इंची फुल एचडी घ्यावा म्हणते. जेल रोडवरचे एक दुकानदार म्हणाले, फ्लिकर-फ्री वगैरे काही वेगळं नसतं, सगळे सारखेच. खरंच सारखे असतात का?

निशाचर
ताई, हा सगळा निळ्या प्रकाशाचा त्रास. विंडोजमध्ये नाइट लाइट सुरू करा आणि पुढचा चष्मा ब्लू-कट काचेचा घ्या. ब्राइटनेस जितका कमी तितकं बरं, मी तर १० वरच ठेवतो. नवा मॉनिटर घ्यायची गरजच पडणार नाही.

बॅकलाइट
मी मॉनिटर-टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. निशाचर, रात्री पडदा पिवळसर ठेवल्यावर तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर ठेवा. पण ताईंच्या प्रश्नातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. ब्राइटनेस कमी केल्यावर त्यांचा त्रास वाढला. माझ्या लेखी सगळ्यात मोठी खूण तीच आहे.

जुन्या एलईडी मॉनिटरांपैकी बऱ्याच जणांत प्रकाश मंद करायची पद्धत अशी असते की दिवे मंद होतच नाहीत, ते भराभर चालू-बंद होतात. समजा सेकंदाला २४० वेळा. म्हणजे एक फेरी साधारण चार मिलिसेकंदांची. १०० वर दिवे सलग पेटलेले असतात. २० वर आणलं की त्या चारांतला जेमतेम एक मिलिसेकंद उजेड आणि उरलेले तीन अंधार. पडद्याकडे स्थिर बघितलं तर काही कळत नाही, पण वाचताना नजर एका शब्दावरून दुसऱ्यावर उडी घेते, आणि त्या उडीत हा तुटक उजेड डोळ्यांवर पडतो. काहींना याचा काडीचाही फरक पडत नाही, काहींचं डोकं तासाभरात चढतं. फ्लिकर-फ्री मॉनिटरमध्ये दिव्यांना जाणारा करंटच कमी करतात, म्हणून उजेड सलग राहतो. सगळे सारखे मुळीच नसतात.

घरच्या घरी तपासता येतं. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा. रिकामं नोटपॅड पूर्ण पडद्यावर उघडा, म्हणजे पडदा पांढरा होईल. त्याच्यासमोर पेन्सिल आडवी भराभर हलवा. पेन्सिलीचा सलग धूसर पट्टा दिसला तर उजेड स्थिर आहे. सुट्या सुट्या पाच-सात पेन्सिली दिसल्या तर दिवे चालू-बंद होताहेत. आधी १०० वर बघा, मग २० वर. खोलीतला दिवा बंद करायला विसरू नका. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे हलक्या प्रतीचा एलईडी बल्ब स्वतःच सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि दोष विनाकारण मॉनिटरवर जातो.

चष्मेवाल्या काकू
मी दृष्टितपासणीचं काम करते आणि मला हे पटत नाही. ४८ वर्षांच्या बाईंचे संध्याकाळी डोळे दुखतात म्हटल्यावर पहिला प्रश्न चष्म्याचा. ताई, प्रोग्रेसिव्ह वापरता ना? त्यात खालचा भाग पुस्तकाच्या अंतराचा असतो, साधारण ४० सेंटीमीटर. मॉनिटर असतो ६०-६५ वर. त्या अंतरासाठी काचेत मधली एक अरुंद पट्टी तेवढी मिळते. ती सापडावी म्हणून माणूस हनुवटी वर करून बसतो, आणि संध्याकाळी मान नि कपाळ दोन्ही धरतं. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि तपासणीला जाताना तो आकडा घेऊन जा. फक्त त्या अंतराचा साधा चष्मा करून घ्या. मॉनिटरपेक्षा स्वस्तात काम होईल.

ब्लू-कटबद्दलही बोलते, कारण गिऱ्हाइकं रोज तेच मागतात. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये सतरा चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचेच्या तुलनेत या काचांनी स्क्रीनचा ताण कमी होतो असं त्यांना आढळलं नाही. त्या काचेचे जास्तीचे पैसे मी तरी कोणाला खर्चायला सांगत नाही.

सुदामानगरकर
एवढा विचार कशाला? आम्ही घरात ३२ इंची टीव्हीच कॉम्प्युटरला जोडला. नातवंडं त्यावर क्रिकेटही बघतात आणि मी हिशेब करतो. अक्षरं चांगली मोठी दिसतात. फक्त अंकांच्या कडा लाल-निळ्या का दिसतात ते कळत नाही. कोणी सांगेल का?

बॅकलाइट
काका, बरेच टीव्ही रंगाची माहिती निम्मी करून दाखवतात. चित्रात ते जाणवत नाही, बारीक अक्षरांच्या कडांना जाणवतं. टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय इनपुटचं नाव PC करून बघा, पुष्कळदा तेवढ्याने सुधारतं. पण तुमचा टीव्ही १३६६ × ७६८ चा असेल तर अक्षरं मोठी दिसली तरी ठिपके मोजके असतात. हिशेबाला चालेल, ताईंच्या प्रुफांना नाही.

मुद्रितवाचक, इंदूर
पेन्सिल हलवून बघितली. १०० वर सलग पट्टा दिसतो, २० वर स्पष्ट सुट्या पेन्सिली. मुलीला न सांगता करायला लावलं, तिनेही तेच सांगितलं. पण १०० वर काम करणं अशक्य आहे, पांढरं पान डोळ्यांत घुसतं. काकू, प्रोग्रेसिव्हच आहे आणि हनुवटी वर करून बसते हेही खरं. मग दोष कशाचा मानायचा?

बॅकलाइट
नवा मॉनिटर येईपर्यंत एक करा. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ब्राइटनेस १०० वर न्या आणि Contrast खाली आणा, ४० च्या आसपास. दिवे सलग पेटलेले राहतील आणि पानाचा पांढरेपणा कमी होईल. याने काळा रंग थोडा राखाडी दिसेल. फोटोच्या कामाला हे वाईट, पांढऱ्या पानावरच्या प्रुफांना चालतं. आठवडाभर असं काम केलं की कळेलच. कपाळ हलकं झालं तर लुकलुक हेच कारण. काहीच फरक पडला नाही तर काकूंचं म्हणणं खरं.

दुसरं, तुम्ही अंधाऱ्या खोलीत बसता असं वाटतं. पडदा मंद करण्याऐवजी खोली उजळा. टेबलावर चांगला दिवा लावा, पण त्याचं प्रतिबिंब पडद्यात पडू देऊ नका. मॉनिटरशेजारी एक कोरा कागद धरा आणि पडद्यावरचं पांढरं पान त्याच्याइतकंच पांढरं दिसेल असा ब्राइटनेस ठेवा. नीट उजेड असलेल्या खोलीत कागद उजळपणाच्या मापात साधारण १०० निट्सचा दिसतो, आणि साधा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर २५० च्या आसपास देतो. म्हणजे फ्लिकर-फ्री मॉनिटरवर आकडा बहुधा ३०-४० च्या घरात येईल. निशाचर, हे तुम्हीही करून बघा. १० वर राखाडी पानावर वाचण्यानेही डोळ्यांना ताण पडतोच.

चष्मेवाल्या काकू
आठवडाभराचा प्रयोग मान्य आहे, पण त्या आठवड्यात चष्मा आणि खुर्ची काहीही बदलू नका, नाहीतर गुण कशाने आला तेच कळणार नाही. आणि २७ इंची फुल एचडीला माझा विरोध आहे. २४ मध्ये जेवढे ठिपके तेवढेच २७ मध्ये, नुसते ताणलेले. अक्षर मोठं होतं, पण फुटकंही होतं. प्रूफ वाचताना ‘रु’ आणि ‘रू’, ‘द्य’ आणि ‘द्द’ यांतला फरक चटकन दिसला नाही की माणूस पुढे झुकतो, आणि मग चष्म्याचं अंतरही बिघडतं.

बॅकलाइट
इथे काकूंशी शंभर टक्के सहमत. २७ इंचीच हवा तर २५६० × १४४० चा घ्या आणि विंडोजमध्ये Settings > System > Display > Scale इथे १२५% निवडा. अक्षर आताच्या २४ इंचीपेक्षा किंचित मोठं होईल आणि तेच अक्षर काढायला उंचीत सव्वापट ठिपके मिळतील. जोडाक्षरं तिथेच सुटतात. फूटपट्टी पडद्याला लावून शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजा. ६० सेंटीमीटरवरून वाचायला साडेतीन मिलिमीटर असलं की डोळे ताणावे लागत नाहीत. कमी भरलं तर १५०% करा.

जुना डीटीपीवाला
थांबा. ताई प्रुफं पीडीएफमध्ये वाचतात की पेजमेकरमध्ये? आमच्याकडे अजून पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्टच चालतात. पेजमेकर हे स्केलिंग ओळखत नाही. १२५% केलं की विंडोज त्याचं सगळं चित्र ताणून दाखवतं आणि अक्षरं धुरकट होतात. Properties > Compatibility > Change high DPI settings मध्ये Application निवडलं की पान स्वच्छ दिसतं, पण मेनू आणि खुणा इतक्या बारीक होतात की माझ्यासारख्या साठीतल्या माणसाला दिसत नाहीत. म्हणून मी २७ इंची फुल एचडीच घेतला, स्केल १००%. फुटकं अक्षर परवडलं, धुरकट नको. माझा तर फ्लिकर-फ्रीही आहे, डोळ्यांची तक्रार नाही.

चष्मेवाल्या काकू
तुमचं काम पानं लावण्याचं आहे, त्यांचं एकेक अक्षर वाचण्याचं. तुम्हाला जे चाललं ते त्यांना चालेलच असं नाही.

जुना डीटीपीवाला
एकेक अक्षर मीही वाचतो, काकू. आणि पान २००% मोठं करून वाचलं की फुल एचडीतही ‘रु’-‘रू’ नीट दिसतात. ठिपके कमी पडतात ते लहान आकारात. पान सरकवत बसावं लागतं एवढंच.

मुद्रितवाचक, इंदूर
बहुतेक प्रुफं पीडीएफमध्ये येतात, एका मासिकाची तेवढी पेजमेकरमध्ये. त्यामुळे १४४० वालाच बघते आणि त्या एका मासिकासाठी पान मोठं करून वाचेन. काँट्रास्टचा प्रयोग आजपासून, चष्मा त्यानंतर. दुकानात पेन्सिल हलवून बघता येईल का? तिथे तर डोक्यावर ढीगभर ट्यूब असतात.

बॅकलाइट
तिथे पेन्सिलीवर विसंबू नका, फोन न्या. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/२००० ठेवा आणि पांढरा पडदा जवळून, फ्रेम पूर्ण भरेल असा धरा. ठळक काळे पट्टे सरकताना दिसले तर तो मॉनिटर सोडा. हलकीशी सावली सरकली तर घाबरू नका, पडदा ताजा होताना तेवढं दिसतंच. ब्राइटनेस १००, ३० आणि ० अशा तिन्ही ठिकाणी बघा. काही मॉनिटर वरच्या भागात करंट कमी करतात आणि अगदी खाली गेल्यावर पुन्हा चालू-बंद सुरू करतात. खोक्यावरच्या शिक्क्यावरून ते कळत नाही. दुकानदार ब्राइटनेस खाली आणू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

निशाचर
काल रात्री मीही पेन्सिल हलवली. माझ्याही १० वर सुट्या पेन्सिली दिसतात, पण मला त्रास काहीच नाही. मग मी बदलायचा का?

चष्मेवाल्या काकू
त्रास नसेल तर कशाला बदलायचा? पण टेबलावरचा दिवा मात्र लावा.