रील सगळीकडे फिरली, फोन मात्र आले नाहीत : विनोदी जाहिरात नेमकी कुठे फसते?

निखिल, नौपाडा
आम्ही ठाण्यातल्या एका वॉटरप्रूफिंगवाल्यांसाठी तीस सेकंदांची रील केली. छत गळतंय, खाली पातेली मांडलीयत, थेंबांच्या तालावर आजी भजन सुरू करते आणि हळूहळू सगळं घर टाळ घेऊन बसतं. शेवटी काळ्या पाटीवर नाव आणि नंबर. सोसायट्यांच्या ग्रुपवर धो धो फिरली, पण फोन जवळजवळ नाहीतच. मालक म्हणतात, विनोद बंद करा, सरळ 'गळती? आम्हाला बोलवा' असं लिहा. त्यांचं बरोबर आहे का?

प्रसाद, घोडबंदर रोड
अजिबात ऐकू नका. 'गळती? आम्हाला बोलवा' हे प्रत्येक रिक्षाच्या पाठीवर लिहिलेलं असतं आणि ते कुणीही वाचत नाही. लोक थांबले, बघितलं, पुढे पाठवलं, म्हणजे अर्धी लढाई जिंकलात. फेविकॉलची बसची जाहिरात आठवा. माणसं टपावर, माणसं बाजूला लटकलेली, रस्ता खाचखळग्यांचा, आणि एकही जण खाली पडत नाही. कुणी बोलतही नाही. बस पुढे गेली की मागच्या बाजूला फेविकॉल दिसतं. तिथेही नाव शेवटीच येतं की! मग निखिलचीच चूक कशी?

मेधा, नेरूळ
जाहिराती दाखवण्याआधी आणि नंतर लोकांना काय आठवतं हे तपासायचं माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रसाद, नाव शेवटी आलं म्हणून जाहिरात पडत नाही. बसच्या जाहिरातीत बघणाऱ्याच्या डोक्यात सुरुवातीपासून एकच प्रश्न असतो, ही माणसं पडत का नाहीत? फेविकॉल हे त्याचं उत्तर आहे. ते काढून टाका, विनोद उरतच नाही, नुसती गर्दीची बस उरते. निखिलच्या रीलमध्ये विनोद आजीने टाळ घेतला तिथेच पुरा झाला. त्यानंतर येणारी काळी पाटी कुठल्याच प्रश्नाचं उत्तर नाही. हसून झाल्यावर माणूस बोट वर सरकवतो, तिथे ती पाटी येते.

ओळखायचा सोपा मार्ग सांगते. रीलच्या शेवटी दुसऱ्या वॉटरप्रूफिंगवाल्याचं नाव घालून बघा. काही बिघडतं का? नाही. रंगाच्या कंपनीचं घाला, चालतं. प्लास्टिकच्या बादल्या विकणाऱ्याचं घातलं तर उलट जास्तच शोभतं, कारण रीलमध्ये गळती ही मजेची गोष्ट आहे आणि पातेली ही तिची वाद्यं आहेत. गळती थांबवणारा आला तर तो रंगाचा बेरंग करणारा ठरेल! मला यातली ही सगळ्यात मोठी चूक वाटते.

शिवाय अशी सैल बांधलेली जाहिरात लोकांच्या डोक्यात बेवारस राहत नाही, ती त्या धंद्यातल्या सगळ्यात ओळखीच्या नावाच्या खात्यात जमा होते. वॉटरप्रूफिंग म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी डॉक्टर फिक्सिट येतं. तुमच्या मालकांच्या पैशातून कदाचित त्यांचीच उजळणी झाली असेल.

सुरेश, वाशी
आमची बिल्डिंग सिडकोची, जुनी. शेवटचा मजला. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा आहे, तरी बेडरूमच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात ओल येते. तुमचे वॉटरप्रूफिंगवाले जुना कोबा काढून करतात की त्यावरूनच कोटिंग मारतात? गॅरंटी लेखी देतात का? आधी एकाने तोंडी दिली होती, पुढच्या पावसात फोनच उचलला नाही.

वैभव, खारघर
काका, इथे जाहिरातीबद्दल चाललंय.

माझं मत मालकांच्या बाजूने. घर गळणं ही त्रासाची गोष्ट आहे, खर्च मोठा आहे, तिथे थट्टा नको. दहा रुपयांच्या गोळीला विनोद ठीक. आणि पुरावाच हवा असेल तर अमेरिकेतल्या टॅको बेल या फास्टफूडवाल्यांच्या जाहिरातींतलं चिवावा कुत्रं घ्या. 1997 पासून ते घराघरांत पोचलं, त्याची खेळणी विकली गेली, आणि 2000 मध्ये विक्री घसरल्यावर कंपनीने ती मालिका थांबवली. विनोदाने माल झाकला की असंच होतं.

मेधा, नेरूळ
वैभव, उदाहरण चांगलं आहे, पण दुखणं वेगळं आहे. ते कुत्रं स्वतःच म्हणायचं, 'मला टॅको बेल हवंय.' नाव विसरायची सोयच नव्हती. लोकांना कुत्रं लक्षात होतं, कंपनीही लक्षात होती. पण तिथलं का खावं, याचं कारण कुत्र्याकडे नव्हतं. शिवाय विक्री घसरायला इतरही कारणं असू शकतात, सगळं कुत्र्याच्या माथी मारणं मला पटत नाही. म्हणजे नाव विनोदात गुंफणं ही पहिली पायरी झाली. माल काय करतो हे विनोदातून कळलं पाहिजे, ही दुसरी.

आणि सुरेशकाकांना गप्प करू नका. या धाग्यावरचं खरं गिऱ्हाईक तेच आहेत. त्यांनी काय विचारलं बघा : कोबा काढणार का, गॅरंटी लेखी देणार का, काम झाल्यावर फोन उचलणार का. रीलमध्ये यातल्या एकाही गोष्टीचा मागमूस नाही. तेच भजन, तीच आजी ठेवून मी असं करेन. कामगार गच्चीवरून उतरतात, बाहेर धो धो पाऊस, आत भजनी मंडळी टाळ घेऊन तयार, आणि पातेल्यात थेंबच पडत नाही. आजी वर बघते, पातेलं सरकवते, पुन्हा वर बघते. मग चिडून फोन लावते आणि कंपनीचं नाव घेऊन म्हणते, 'अहो, आमचा ताल गेला, परत या!' पलीकडून उत्तर येतं, 'आजी, पाच वर्षं तरी गळणार नाही, लेखी दिलंय.' हसू आलं ते काम चोख झालं म्हणून. आता यात बादलीवाल्याचं नाव घालून दाखवा. पाच वर्षांचा आकडा मात्र मालक खरोखर लिहून देत असतील तेवढाच टाका.

प्रसाद, घोडबंदर रोड
कल्पना छान आहे, पण पहिल्या रीलमध्ये 'आमच्याकडे पण असंच' म्हणून लोकांनी एकमेकांना टॅग केलं, ते इथे होणार नाही. कोरडं छत कोण पुढे पाठवणार? आणि दुसरं, गच्चीचं काम माणूस एप्रिल-मेमध्ये काढतो. रील आत्ता फिरली आणि फोन आत्ता नाहीत, एवढ्यावरून ती पडली असं ठरवणं घाईचं आहे.

मेधा, नेरूळ
मोसमाचा मुद्दा मान्य, फोन मोजून आज निकाल लागणार नाही. म्हणूनच आठवण मोजा. ज्यांचा कंपनीशी संबंध नाही अशा दहा-पंधरा जणांना आठ-दहा रील्स सलग दाखवा, त्यात ही एक. 'आवडली का' हे विचारूच नका, आवडतेच. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणा, काल पाहिलेल्यातली कुठली आठवते, ती कशाची होती, कुणाची होती. जो आजीची गोष्ट रंगवून सांगतो आणि 'कुणाची'वर अडतो, त्याच्यापुरते पैसे वाया गेले. जो छातीठोकपणे दुसऱ्याच कंपनीचं नाव सांगतो, त्याच्यापुरते पैसे प्रतिस्पर्ध्याला गेले. दुसरी रील कमी फिरेल हे खरं असू शकतं. किती कमी फिरली तरी परवडेल, यावर आपलं एकमत होणार नाही.

निखिल, नौपाडा
मालकांना विचारलं. गच्चीला लेखी सात वर्षं देतात, बाथरूमला तीन. हे त्यांनी आम्हाला आधी सांगितलंच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. जुनी रील तशीच ठेवून दुसरी या रविवारी शूट करतो, मग दोन्हींवर मेधाताईंची चाचणी लावू. सुरेशकाका, कोबा पोकळ वाजत असेल तर ते काढूनच करतात, वरून कोटिंग मारत नाहीत. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

सुरेश, वाशी
पाठवा. आमचा पोकळच वाजतो.